दुकानात रात्रभर चार्जिंगला लावलेली विद्युत स्कूटर : आग तळमजल्यावर, जीवितहानी वरच्या मजल्यावर

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरातील दाणा बाजारात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे ४ च्या सुमारास एका शिलाई व कापडाच्या दुकानाला आग लागली. दुकान तळमजल्यावर होते आणि वर कुटुंबे राहत होती. एकाच कुटुंबातील सात जणांचा या दुर्घटनेत मृत्यू झाला. त्यांत दोन लहान मुले होती. आग दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, हे सातही जण गुदमरून दगावले असावेत, असे पोलिसांनी प्राथमिक तपासाअंती सांगितले. दुकानात चार्जिंगला लावलेल्या विजेवरील दुचाकीपासून आगीला सुरुवात झाली असावी, असा अंदाजही त्या वेळी व्यक्त झाला होता.

ज्वाळा जेथे पोहोचल्या नाहीत, तेथे माणसे दगावली, हा या घटनेतील तपशील महत्त्वाचा आहे. दीड वर्ष आधी, १२ सप्टेंबर २०२२ रोजी रात्री, सिकंदराबाद येथेही असेच घडले होते. एका हॉटेलच्या इमारतीत खालच्या भागात विद्युत स्कूटरचे विक्री दालन होते. तेथे लागलेल्या आगीचा धूर जिन्यावाटे वरच्या खोल्यांत शिरला आणि आठ जणांचा मृत्यू झाला. न्यूयॉर्कच्या चायनाटाउन भागात २० जून २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात विद्युत सायकली दुरुस्त करणाऱ्या तळमजल्यावरील दुकानात आग लागली. सहा मजली इमारतीच्या वरच्या मजल्यांवरील चौघे त्यात दगावले.

तीन शहरांतील या इमारती एकमेकींहून वेगळ्या होत्या, तरी आगीची रचना एकसारखी होती. बॅटरी खाली, माणसे वर आणि दोहोंना जोडणारा जिना. दुकानात रात्रभर चार्जिंगला राहिलेली स्कूटर का पेटते, त्यात नेमके काय जळते, नुकसान कसे पसरते आणि आगीचे मूळ कसे ओळखले जाते, याचा हा आढावा.

बॅटरीच्या पेटीत काय असते

बाजारात अनेक क्षमतांच्या स्कूटर आहेत. लहान दुकानदार मालाची ने-आण करण्यासाठी बहुधा कमी किमतीची, ४८ किंवा ६० व्होल्टची स्कूटर वापरतात. उदाहरणादाखल ४८ व्होल्ट व ३० अँपियर-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी घेऊ. बाहेरून ती हँडल असलेल्या धातूच्या पेटीसारखी दिसते. आत मात्र बोटभर उंचीचे, १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे दंडगोलाकार सेल ओळीने बसवलेले असतात. प्रत्येकी अडीच अँपियर-तासाचे बारा सेल समांतर जोडून एक गट होतो आणि असे तेरा गट एकापुढे एक जोडले जातात. म्हणजे एका पेटीत १५६ सेल असतात आणि त्यांत सुमारे १.४ युनिट वीज साठते.

या सेलवर देखरेख ठेवणारे एक मंडल पेटीतच असते. त्याला बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा किंवा व्यवहारात 'बीएमएस' म्हणतात. प्रत्येक गटाचे व्होल्टेज मोजणे, ठरावीक मर्यादेपलीकडे चार्जिंग तोडणे, तापमान वाढल्यास प्रवाह थांबवणे ही तिची कामे. पेटीबाहेरचा चार्जर हा या साखळीचा दुसरा दुवा. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलचे कमाल व्होल्टेज ४.२ असते. त्यामुळे तेरा गटांच्या बॅटरीचा योग्य चार्जर ५४.६ व्होल्टवर थांबतो. तो ६ अँपियरचा असेल, तर रिकामी बॅटरी भरण्यास पाच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो.

या काळात चार्जर घरगुती वाहिनीतून जेमतेम पावणेदोन अँपियर प्रवाह घेतो. कपड्यांची इस्त्री त्याहून अधिक घेते. म्हणूनच 'लोड फार नाही, काही होणार नाही' असा दुकानदारांचा समज होतो. समज निम्मा बरोबर आहे. वायरिंगवर ताण फार नसतो. मात्र इस्त्री दहा मिनिटांत बंद होते आणि चार्जर पाच-सहा तास अखंड चालतो. शिवाय इस्त्रीत ऊर्जा साठत नाही, बॅटरीत ती साठत जाते. बॅटरीच्या आत बिघाड झाला, तर त्या ऊर्जेला मीटरमधून येणाऱ्या विजेची गरज उरत नाही. त्यामुळे एमसीबी पडला किंवा मुख्य स्विच बंद केला, तरी आतली प्रक्रिया थांबत नाही.

एका सेलपासून संपूर्ण पेटीपर्यंत

सेलच्या आत धन व ऋण पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. अतिचार्जिंगमुळे, जुन्या आघातामुळे, निर्मितीतील दोषामुळे किंवा आत शिरलेल्या पाण्यामुळे एखादा सेल तापू लागला, तर सुमारे १३० अंश सेल्सिअसच्या आसपास हा पडदा वितळू लागतो. दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात आणि सेलमधील ऊर्जा काही क्षणांत उष्णतेत बदलते. तापमान आणखी वाढले की धन पत्र्यावरील रसायन विघटित होऊन प्राणवायू बाहेर टाकते. आतील द्रवाची वाफ होते व सेलच्या टोकावरील झडप फुटते. उष्णता उष्णतेला जन्म देत जाते, म्हणून या प्रक्रियेला तापमानाचा अनियंत्रित भडका म्हणता येईल.

एका सेलचा भडका काही सेकंदांत आटोपतो. खरा प्रश्न शेजारच्या सेलचा असतो. सेल एकमेकांना चिकटून बसवले असतील आणि मध्ये उष्णता अडवणारा थर नसेल, तर पहिल्याची उष्णता दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला लागते. प्रत्यक्षदर्शी अशा वेळी एकामागोमाग फटाके वाजल्यासारखा आवाज ऐकल्याचे सांगतात. प्रत्येक आवाज म्हणजे फुटलेला एक सेल असतो. काही सेल पेटीतून उडून दूर पडतात आणि जेथे पडतात तेथे नवी आग लावतात.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट या दुसऱ्या प्रकारच्या सेलमध्ये हा भडका तुलनेने उशिरा, अधिक तापमानाला होतो व प्राणवायू फारच कमी सुटतो. त्यामुळे तो प्रकार अधिक सुरक्षित मानला जातो. तरीही त्यातून ज्वलनशील वायू निघतातच. बंद खोलीत ते साठले आणि ठिणगी मिळाली, तर स्फोट होऊ शकतो.

रात्रीच का

दुकान रात्री साडेनऊ-दहाला बंद होते, त्याच वेळी स्कूटर आत घेऊन चार्जिंगला लावली जाते. वरील उदाहरणातील बॅटरी पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हीच सर्वांत नाजूक वेळ असते. पूर्ण भरलेला सेल अर्ध्या भरलेल्या सेलपेक्षा कमी तापमानाला भडकतो आणि अधिक जोराने भडकतो. बीएमएसने किंवा चार्जरने थांबण्याची वेळही हीच. दोहोंपैकी कुणी चुकले, तर अतिचार्जिंग याच टप्प्यावर सुरू होते. त्या वेळी दुकानाचे शटर खाली ओढलेले असते, खिडकी असलीच तर बंद असते आणि वरची माणसे गाढ झोपेत असतात.

दिवसाही तोच बिघाड होऊ शकतो. पण दिवसा वास येतो, चार्जर गरम लागतो, बॅटरीची पेटी फुगल्याचे कुणाच्या तरी लक्षात येते. गोडसर, रंगातील द्रावकासारखा वास, सापासारखा फूत्कार आणि वाफेसारखा पांढरा धूर ही भडक्यापूर्वीची चिन्हे होत. पांढरा धूर दिसल्यापासून ज्वाळा उसळेपर्यंत काही सेकंद किंवा फार तर एक-दोन मिनिटे मिळतात. रात्री ही मिनिटे वाया जातात.

चुकीच्या चार्जरचे गणित

आगीमागील कारणांत अतिचार्जिंग हे समजून घेण्यासारखे कारण आहे, कारण ते अगदी साध्या अदलाबदलीतून घडते. अनेक स्वस्त स्कूटरमध्ये पूर्वी शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्या असत. त्यांचा चार्जर सुमारे ५८.८ व्होल्टपर्यंत जातो. त्याच्यावरही '४८ व्होल्ट' असेच लिहिलेले असते. बॅटरी बदलून लिथियमची बसवली आणि जुना चार्जर तसाच ठेवला, किंवा चार्जर बिघडल्यावर बाजारातून '४८ व्होल्टचा' म्हणून दुसरा आणला, तर पिन बसते, दिवा लागतो, चार्जिंग सुरू होते. वरवर काहीच चुकलेले दिसत नाही.

आता ५८.८ ला तेरा गटांनी भागले, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ४.५२ व्होल्ट येतात. मर्यादा ४.२ ची आहे. हा फरक आकड्यात किरकोळ वाटतो, सेलच्या दृष्टीने तो धोकादायक आहे. अशा वेळी बीएमएस मध्ये पडते आणि साधारण ४.२५ व्होल्टच्या आसपास चार्जिंग तोडते. त्यामुळे पहिल्या रात्री काही होत नाही, दुसऱ्या रात्री होत नाही, महिनाभर होत नाही. चार्जर 'चालतो' अशी खात्री पटते. प्रत्यक्षात रोज रात्री एकच सुरक्षा दुवा सगळा भार उचलत असतो. बीएमएसमधील विद्युत स्विच ज्या दिवशी जळून बंद अवस्थेतच चिकटतो, किंवा 'बॅटरी सारखी ट्रिप होते' म्हणून एखादा कारागीर त्याला वळसा घालून थेट जोडणी करून देतो, त्या रात्री अडवणारे कुणी उरत नाही.

ही चूक ओळखणे अवघड नाही. चार्जरच्या लेबलवर 'आउटपुट' म्हणून दिलेला आकडा आणि बॅटरीवर दिलेले कमाल चार्जिंग व्होल्टेज जुळले पाहिजे. केवळ '४८' किंवा '६०' जुळून भागत नाही. लेबल नसलेला चार्जर वापरण्याजोगा नाही, एवढा निष्कर्ष पुरेसा आहे.

दुसरे नेहमीचे कारण बॅटरीत नसून भिंतीवर असते. सैल झालेल्या सॉकेटमध्ये किंवा हलक्या प्रतीच्या एक्स्टेन्शन बोर्डमध्ये पिनचा संपर्क अर्धवट राहतो. तेथे तासन्‌तास उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळून पेट घेते. अशा आगीत बॅटरी नंतर सापडते, पण एकदा सापडली की आगीचा जोर तीच वाढवते. पिन काढताना ती हाताला चटका देत असेल, सॉकेटभोवती तपकिरी डाग पडला असेल, तर बिघाड सुरू झालेला आहे, असे समजावे.

धुराचा हिशेब

अशा दुर्घटनांत जीव कसा जातो, हे एका साध्या हिशेबातून स्पष्ट होते. प्रयोगशाळेतील चाचण्यांत या आकाराच्या पूर्ण भरलेल्या एका सेलमधून साधारण साडेतीन ते सात लिटर वायू बाहेर पडतो. १५६ सेलच्या पेटीतून म्हणजे साधारण ५०० ते १,००० लिटर. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व नऊ फूट उंच दुकानात सुमारे ३०,००० लिटर हवा मावते. बाहेर पडणारा वायू ६०० लिटर धरला आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडचा वाटा फक्त एक-षष्ठांश मानला, तरी बंद दुकानातील हवेत त्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाते. एवढ्या हवेत पाच-दहा मिनिटांत चक्कर येते आणि अर्ध्या तासाच्या आत मृत्यू ओढवू शकतो. काही वायू जळून जातो हे खरे, पण त्याच वेळी दुकानातील कापड, फोम, प्लास्टिक जळू लागते आणि विषारी धुराचे प्रमाण कितीतरी पटीने वाढते. बॅटरीच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा श्वसनमार्ग पोळणारा वायूही असतो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही, उलट झोप गाढ करतो. तापलेला धूर वर चढतो आणि दुकानाच्या मागच्या बाजूने वर जाणारा जिना त्याच्यासाठी धुराड्याचे काम करतो. जाग आलेली माणसे स्वाभाविकपणे त्याच जिन्याकडे धावतात, कारण दुसरी वाट नसते. सिकंदराबादच्या इमारतीतही ये-जा करण्यास एकच मार्ग असल्याचे अग्निशमन अधिकाऱ्यांनी निदर्शनास आणले होते.

येथेच या विषयाचा गाभा आहे. बॅटरीतील दोषामुळे आग लागेल की नाही हे ठरते. ती आग किती जणांचा बळी घेईल, हे मात्र स्कूटर जिन्याच्या तोंडाशी उभी होती की उघड्यावर, यावरून ठरते. न्यूयॉर्कच्या आकडेवारीतून याला दुजोरा मिळतो. त्या शहरात २०२३ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या व १८ जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२३ पासून तेथे प्रमाणित नसलेल्या विद्युत सायकली, स्कूटर व बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी आली, तपासण्या वाढल्या आणि जनजागृती झाली. २०२४ मध्ये आगींची संख्या २७७ होती, म्हणजे किंचित वाढलीच. मृत्यू मात्र सहावर आले. इमारतीच्या आत लागलेल्या आगींचे प्रमाण घटले आणि बाहेर लागलेल्या आगींचे वाढले, हा या दोन वर्षांतील ठळक फरक होता.

दुकानाचे नुकसान

बॅटरीच्या आगीने होणारे नुकसान साध्या शॉर्टसर्किटच्या आगीपेक्षा वेगळे असते. सेलच्या टोकातून ज्वाळा फवाऱ्यासारखी, आडवी किंवा वर, जोराने बाहेर पडते. त्यामुळे स्कूटरलगतचे लाकडी कपाट, पोटमाळ्याची फळी किंवा टांगलेले कपडे पहिल्या मिनिटातच पेटतात. उडालेल्या सेलमुळे दुकानाच्या दोन-तीन कोपऱ्यांत एकाच वेळी आग दिसते. स्लॅबच्या खालच्या बाजूचे सिमेंट तापून पापुद्र्याने सुटते, सळया उघड्या पडतात. शटर उष्णतेने वाकून अडकते आणि बाहेरून उघडेनासे होते.

ज्वाळांपासून वाचलेला मालही बहुधा विक्रीयोग्य राहत नाही. धुरातील काजळी व आम्लधर्मी कण कापडात मुरतात. शिलाई यंत्रे, संगणक, फ्रिज यांच्या धातूच्या भागांवर काही दिवसांत गंज चढू लागतो. म्हणून आग विझल्यावर 'एवढे तरी वाचले' म्हणून बाजूला काढलेल्या यंत्रांचीही नोंद पंचनाम्यात करून घेणे हिताचे असते.

भरपाईच्या बाबतीत एक तपशील अनेकांच्या लक्षात येत नाही. स्कूटर आणि दुकान यांचा विमा वेगवेगळा असतो. स्कूटरला स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण देणारी मोटार विमा पॉलिसी असेल, तर स्वयंप्रज्वलनाने झालेले वाहनाचे नुकसान त्यात येते. दुकानातील माल, फर्निचर व इमारत यांसाठी मात्र अग्निविमा लागतो. एकाच ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंत जोखीम असलेल्या लहान व्यवसायांसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. नोंदणीची आवश्यकता नसलेल्या कमी वेगाच्या स्कूटरला अनेकदा कोणताही विमा नसतो. त्या स्कूटरने दुकान जाळले आणि दुकानाचाही विमा नसला, तर संपूर्ण भार मालकावर येतो. दाव्यासाठी अग्निशमन दलाचा अहवाल, पोलीस पंचनामा, मालाच्या खरेदीची बिले आणि स्कूटर, बॅटरी व चार्जरची बिले लागतात. ही कागदपत्रे दुकानातच ठेवलेली असतील, तर तीही जळतात.

मूळ कसे ओळखतात

आग विझल्यानंतर बॅटरी जळालेली दिसते, पण त्यावरून ती बॅटरीपासूनच सुरू झाली असे सिद्ध होत नाही. बाहेरून लागलेल्या आगीतही सर्व सेल फुटतात. त्यामुळे तपास करणारे सर्वप्रथम जळण्याचा सर्वांत खालचा व सर्वांत खोल भाग शोधतात. फरशीवरील तडे, भिंतीवरील उलट्या सुळक्याच्या आकाराचा काळा डाग आणि स्कूटरचा सांगाडा कोणत्या बाजूने अधिक वितळला आहे, यांवरून सुरुवातीची जागा ठरवली जाते.

त्यानंतर तांब्याच्या तारा तपासल्या जातात. वीज चालू असताना तार तुटून ठिणगी पडली असेल, तर टोकाला तांब्याचा लहान गोल मणी तयार होतो. केवळ उष्णतेने वितळलेल्या तारेचे टोक अनियमित, ओघळलेले दिसते. सॉकेटजवळच असे मणी सापडले आणि बॅटरीचा त्या बाजूचा भाग अधिक जळालेला असेल, तर संशय भिंतीकडे जातो. उलट, सॉकेट तुलनेने शाबूत, चार्जरची तार मधूनच जळालेली आणि पेटीतील एका ठिकाणचे सेल फाटून रिकामे झालेले असतील, तर संशय बॅटरीकडे वळतो.

सीसीटीव्ही चित्रण उपलब्ध असल्यास पहिल्या काही सेकंदांचे दृश्य निर्णायक ठरते. प्रथम पांढऱ्या वाफेचा झोत आणि मग ज्वाळा, हा क्रम बॅटरीचा असतो. प्रथम भिंतीजवळ लहान पिवळी ज्योत आणि बऱ्याच वेळाने स्फोटासारखे आवाज, हा क्रम वायरिंगचा असतो. नव्या स्कूटरमध्ये बॅटरीच्या तापमानाची व व्होल्टेजची नोंद साठवली जाते. ती इंटरनेटशी जोडलेली असेल, तर आगीपूर्वीच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर मिळू शकतात. जुन्या, स्वस्त स्कूटरच्या बाबतीत हा पुरावा नसतो. त्यामुळे चार्जरचे अवशेष ढिगाऱ्यासोबत फेकून न देणे महत्त्वाचे असते.

नियम काय सांगतात, कोठे थांबतात

२०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये वेल्लोर, निजामाबाद व विजयवाडा येथे घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत मृत्यू झाले. त्यानंतर केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने तज्ज्ञ समिती नेमली आणि दुचाकी-तीनचाकींच्या बॅटऱ्यांना लागू असलेल्या 'एआयएस-१५६' या मानकात सुधारणा केली. तिचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. सेलमध्ये पुरेसे अंतर, पाण्यापासून संरक्षण, एका सेलमधील बिघाड संपूर्ण पेटीत पसरतो काय याची चाचणी, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, चार्जरमध्ये अतिचार्जिंग रोखणारी व्यवस्था आणि बॅटरीच्या नोंदी साठवण्याची सोय या त्यातील प्रमुख अटी आहेत.

या मानकाला तीन मर्यादा आहेत. त्यापूर्वी विकल्या गेलेल्या स्कूटर रस्त्यावर व दुकानांत आहेतच. मूळ बॅटरी निकामी झाल्यावर स्थानिक कारागिराकडून जुने सेल जोडून बनवून घेतलेली बॅटरी कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते. तिसरी मर्यादा वाहनाच्या वर्गाची आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग, २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटार आणि बॅटरी वगळता ६० किलोपर्यंत वजन असलेले विद्युत दुचाकी वाहन केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही. त्याला नोंदणी क्रमांक वा परवाना लागत नाही. लहान दुकानदार पसंत करतात तो बराचसा वर्ग हाच आहे.

दुकानदारांसाठी व्यवहार्य मर्यादा

वर माणसे झोपत असतील, तर दुकानात रात्री चार्जिंग करू नये, ही सर्वांत परिणामकारक खबरदारी आहे. सकाळी दुकान उघडल्यावर चार्जिंग सुरू केल्यास दुपारपर्यंत बॅटरी भरते आणि सर्व वेळ कुणीतरी समोर असते. स्कूटर शक्यतो दुकानाबाहेर, जिन्यापासून व मालापासून दूर उभी करावी. लांब पल्ल्याहून आल्यावर बॅटरी तापलेली असते. ती हाताला गार लागेपर्यंत, साधारण तासभर, चार्जिंग लावू नये. पाण्यात बुडालेली, पडून चेपलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्ज न करता विक्रेत्याकडे द्यावी. काढता येणारी बॅटरी वर घरात नेऊन चार्ज करणे हा पर्याय नव्हे. त्यामुळे धोका झोपण्याच्या खोलीत जातो.

पांढरा धूर किंवा फूत्कार जाणवल्यास बॅटरी उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. वरच्या सर्वांना जागे करावे, खाली उतरण्याची वाट मोकळी असेल तरच उतरावे, बाहेर पडल्यावर शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ वर संपर्क साधून बॅटरीची आग असल्याचे स्पष्ट सांगावे. जिना धुराने भरलेला असेल, तर वरच्या खोलीचे दार बंद करून फटीत ओली चादर कोंबावी व खिडकी किंवा गच्चीकडे जावे. धुराने भरलेल्या दुकानाचे शटर शेजाऱ्यांनी एकदम वर ओढू नये. साठलेल्या वायूला हवा मिळून भडका उडण्याचा धोका असतो, ते काम अग्निशमन जवानांवर सोपवावे.

दुकानात असलेले कोरड्या भुकटीचे अग्निशामक ज्वाळा दाबते, पण सेल थंड करत नाही. त्यासाठी भरपूर पाणीच लागते. विझलेली बॅटरी काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटू शकते. म्हणून ती ढिगाऱ्यात न ठेवता, इमारतीपासून दूर उघड्या जागी ठेवणे आणि तपास पूर्ण होईपर्यंत तेथेच राहू देणे आवश्यक असते.